नाटकाच्या वर्गात एवढे प्रश्न कशाला? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हाताशी घेऊन

दादरला आमचा रविवारचा नाट्यवर्ग भरतो. मागच्या महिन्यात एका मुलीची आई तिची वही घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, रागावू नका, पण तुम्ही नाटक शिकवताय की वकिलीची परीक्षा घेताय?” वहीत एकाच नाटकावरचे सदतीस प्रश्न होते. ‘सामंतला पोपट कोणासाठी हवाय?’ ‘कडी कुठल्या बाजूला?’ ‘दहा सेकंद म्हणजे किती?’ नाटक म्हणजे पाठांतर आणि आवाज, अशी बाईंची समजूत. त्यात हे कडीचं प्रकरण कुठून आलं, ते त्यांना कळेना.

त्यांना मी दारात उभ्या उभ्या जे सांगितलं ते जरा घाईचं झालं. इथे सवडीने सांगते. उदाहरणाला नाटक एकच घेते, विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६७ साली ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं होतं आणि लीला बेणारे केली होती सुलभा देशपांडे यांनी. आमच्या वर्गात सध्या तेच चालू आहे.

आधी गोष्ट, थोडक्यात

मुंबईची एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी एका गावात आली आहे. रात्री ते ‘अभिरूप न्यायालय’ करणार आहेत. म्हणजे लुटुपुटीचा खटला, आणि आरोपी कोण, तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन. गुन्हा, अण्वस्त्रं तयार केल्याचा. एक साक्षीदार नट आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या भोळ्या माणसाला उभं करायचं ठरतं. पण सामंतने आयुष्यात कोर्ट पाहिलेलं नाही. त्याला सराव हवा, म्हणून संध्याकाळपर्यंतचा वेळ काढायला एक वेगळाच खोटा खटला खेळायचं ठरतं. त्यांच्यातलीच शाळामास्तरीण लीला बेणारे तोंड धुवायला आत गेलेली असते. ती बाहेर येते तेव्हा तिला ‘अटक’ झालेली असते. आरोप, भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होत जातो. बेणारे अविवाहित आहे, गरोदर आहे, आणि ज्याच्यापासून आहे तो प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलाच नाही. शेवटी ‘कोर्ट’ तिला शिक्षा सुनावतं. मग गावकरी येतात, सगळे भानावर येतात आणि खऱ्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे तशीच पडून राहते.

प्रश्न कामाचा की बिनकामाचा, हे कसं ओळखायचं?

माझी कसोटी साधी आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने नटाच्या हातापायांत काही फरक पडतो, तो प्रश्न कामाचा.

‘बेणारे कशी आहे?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, “बिनधास्त!” बरं, मग आता बिनधास्त करून दाखव. मुलगी कमरेवर हात ठेवते, हनुवटी वर करते आणि तिथेच अडकते. पुढचे दोन तास ती तशीच उभी राहणार. विशेषणं अशी नटाला खुंटीला टांगून ठेवतात. परीक्षेच्या पेपरात ती चालतात, तालमीत त्यांचं काही होत नाही.

आता प्रश्न बदलू. ‘पहिल्या अंकात बेणारे आणि सामंत दोघंच हॉलमध्ये आहेत. या अनोळखी माणसाकडून या क्षणी तिला काय हवंय?’ याला नाटकवाले पात्राचा हेतू म्हणतात. आयुष्यभराचं ध्येय वगैरे नव्हे, या क्षणी समोरच्याकडून काय काढून घ्यायचंय ते. बाजारात मेथीची जुडी परत ठेवत आपण म्हणतो, “राहू दे मग.” शब्द नकाराचे आहेत, पण आपल्याला हवं असतं ते मागून “ताई, या इकडे, घेऊन जा” ऐकायला. म्हणून पाय मुद्दाम सावकाश पडतात. ते पाय म्हणजे अभिनय. ‘राहू दे’ कसं म्हणायचं हे कुणी शिकवायला लागत नाही, काय हवंय ते कळलं की पुरतं.

आमच्या वर्गात या प्रश्नाला तीन उत्तरं आली. एकीने सांगितलं, बेणारेला सामंतने तिच्यावर हसावं असं वाटतं, कारण शहरातली माणसं तिच्यावर हसत नाहीत, तिच्याकडे रोखून बघतात. दुसरी म्हणाली, तिला नुसता कान हवाय. तिसरा म्हणाला, तिला कळून घ्यायचंय की हा माणूस इतरांसारखा आहे का. तिन्ही करून पाहिली. पहिल्यात मुलगी सामंतभोवती फिरत राहिली, दुसऱ्यात एका जागी बसली, तिसऱ्यात सारखी थांबून त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. संवाद तेच, प्रवेश तीन.

कोणाला काय ठाऊक आहे?

या नाटकातल्या हेतूंचं कुलूप मला विचाराल तर एकाच प्रश्नाने उघडतं. आरोप ठेवला जातो त्या क्षणी, बेणारेबद्दल कोणाला काय माहीत आहे?

पहिल्यांदा वाचताना वाटतं की सगळ्यांनी मिळून कट केला. मग नट तसंच करतात: एकमेकांना डोळे मारतात, गालात हसतात. आणि नाटक तिथेच मरतं, कारण कट असेल तर गोष्ट सहा दुष्ट आणि एक गरीब बिचारी एवढीच उरते.

म्हणून आम्ही चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक नटाने संहिता उलटीपालटी करून आपल्या पात्राला काय ठाऊक आहे तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायची. मंडळीतल्या पोंक्षेची चिठ्ठी सगळ्यात जड निघाली. बेणारेने त्याला उडुप्याच्या हॉटेलात गाठून लग्नाचं विचारलं होतं आणि पोट कोणापासून आहे तेही सांगितलं होतं. रोकडेने तिला दामलेच्या घरी पाहिलं आहे, आणि तिने त्यालाही लग्नाबद्दल विचारलं आहे, पण हे सांगायची त्याची छाती नाही. कर्णिकला तिचं जुनं प्रकरण ऐकीव माहीत आहे, पंधराव्या वर्षी मामावर प्रेम आणि मग जीव द्यायचा प्रयत्न. काशीकरांनी तिच्या शाळेच्या संस्थाचालकाकडे नोकरीवरून काढण्याची गोष्ट ऐकली आहे, पण नाव धरून नाही. सौ. काशीकरांकडे फक्त संशय आहे आणि तिशी ओलांडून बाई अविवाहित कशी, याची चीड. वकील सुखात्मेची चिठ्ठी कोरी. सामंतचीही कोरी.

चिठ्ठ्या टेबलावर उघडल्यावर वर्ग थोडा गप्प झाला. पूर्ण गोष्ट एकाकडेही नव्हती. प्रत्येकाच्या खिशात एकेक तुकडा, आणि ते तुकडे एकत्र मांडायची जागा म्हणजे कोर्ट. चाळीत असंच होतं. एकीने पोस्टमन पाहिलेला असतो, दुसरीने रात्री दार वाजलेलं ऐकलेलं असतं, आणि नळावर दोघी भेटल्या की तिसरीचं आयुष्य ठरतं. तिथे कट कोणी केलेला नसतो.

ही मांडणी नटांना ताबडतोब उपयोगी पडते. ज्याच्या चिठ्ठीत काही आहे, तो आरोप ऐकून क्षणभर थबकेल. ज्याची कोरी आहे, तो मनापासून हसेल. एकाच क्षणी दोघं हसले आणि तिघं हसायला उशीर लावून हसले, की प्रेक्षकाला काही न सांगता काहीतरी कळतं. हे आम्ही करून पाहिलं. उशीर अर्ध्या सेकंदाचा हवा, त्याहून जास्त झाला की पुन्हा कट वाटायला लागतो.

सगळ्यात गोड माणूस सगळ्यात मोठं नुकसान का करतो?

सामंतवर जरा थांबायलाच हवं, कारण मुलं त्याला सोडून देतात. “तो काय, भोळा आहे,” झालं.

सामंतला साक्ष द्यायला सांगतात. त्याला तर काहीच ठाऊक नाही. मग तो काय करतो? हातात असलेल्या कादंबरीतला प्रसंग उचलतो आणि तो दामले आणि बेणारेचा म्हणून सांगतो. ती रडते, तो हाकलून देतो, असा कसलासा सवंग प्रसंग. तो खोटं बोलतोय हे त्यालाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्यांनाही. पण छापलेला तो प्रसंग बेणारेच्या खऱ्या आयुष्याला नको इतका जाऊन चिकटतो.

इथे वर्गातला प्रश्न असा: ‘सामंतला या क्षणी काय हवंय?’ कुणाचं नुकसान नक्कीच नकोय. त्याला हवंय की मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी म्हणावं, वा सामंत, जमलं तुम्हाला. हा हेतू घेऊन आमच्या मुलाने ती साक्ष केली, तेव्हा तो प्रत्येक वाक्यानंतर सुखात्मेकडे बघत होता, बरोबर चाललंय ना म्हणून. गणिताचं उत्तर फळ्यावर लिहिताना मुलं बाईंकडे बघतात तसं. एका क्षणी त्याची नजर बेणारेवर गेली. तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला, पण तेवढ्यात सुखात्मेने “शाब्बास, पुढे?” अशा अर्थाने मान हलवली, आणि तो पुढे बोलला. हे मी सांगितलं नव्हतं. संहितेतही असं लिहिलेलं नाही. हेतू नेमका सापडला की अशा गोष्टी आपोआप हातात येतात.

याची उलट बाजूही पाहिली आहे. मागे एका तुकडीतल्या सामंतने ठरवलं होतं की हा आतून मत्सरी आहे. संहितेत त्याला कुठेच आधार नाही. दोन तालमींत त्याच्या साक्षीतलं हसू गेलं आणि हसू गेल्यावर धक्काही गेला.

रंगमंचावरची मांडणी: कडी, पिंजरा आणि दहा सेकंद

आता त्या बाईंच्या कडीकडे येते.

नाटकाच्या सुरुवातीलाच हॉलचं दार उघडताना बेणारेचं बोट कडीत सापडतं. सामंत सांगतो की ही कडी बेरकी आहे, पुरती सरकवली नाही आणि दार ओढलं तर बाहेरून लागून बसते. प्रेक्षक हे विसरतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे पर्स उचलून निघते, दाराशी जाते, आणि दार बाहेरून लागलेलं असतं. कोणी कोंडलेलं नाही. कडीच ती. शेवटी दार उघडतं ते बाहेरून, गावकऱ्यांच्या हाताने, कार्यक्रम सुरू झाला का हे विचारायला.

मांडणीचा प्रश्न हा: ‘दार कुठे ठेवायचं?’ मुलं पटकन म्हणतात, मागच्या भिंतीत, मधोमध, म्हणजे सगळ्यांना दिसेल. ठेवून बघा. बेणारे दाराशी गेली की तिची पाठ प्रेक्षकांकडे. तिचा चेहरा हवा असेल तर दार बाजूला, विंगेजवळ घ्यावं लागतं, पण मग गावकरी येतात तेव्हा ते कोपऱ्यात अडकतात. दोन्ही एकदम मिळत नाही. आम्ही पाठच घेतली. पाठ बघणाऱ्याला तिच्या हातांकडे लक्ष द्यावं लागतं आणि कडी हलवणारे हात चेहऱ्यापेक्षा जास्त बोलले. दुसऱ्या तुकडीने बाजूचं दार घेतलं आणि त्यांचंही बरं झालं. फक्त एक चूक करू नका: कडी दिसलीच नाही आणि नुसता आवाज आला, असं केलंत तर प्रेक्षकाला वाटतं कुणीतरी मुद्दाम कोंडलं. म्हणजे पुन्हा कटच.

आरोपीच्या पिंजऱ्याचंही तसंच. वर्गात पिंजरा कुठून आणायचा? दोन खुर्च्या पाठमोऱ्या लावल्या. पिंजरा प्रेक्षकांच्या अगदी जवळ ठेवला तर प्रेक्षक बेणारेच्या बाजूला जातो. मागे, न्यायाधीशाच्या टेबलापाशी ठेवला तर प्रेक्षक आपोआप कोर्टाच्या मागच्या बाकावर जाऊन बसतो. आम्हाला दुसरं आवडलं, थोडं लाजिरवाणं असलं तरी. साक्षी ऐकताना आमचेच पालक पुढे झुकून कान देत होते.

आणि दहा सेकंद. तिसऱ्या अंकात न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. मग रंगमंचावरची बाकी माणसं पुतळ्यासारखी थिजतात, प्रकाश बदलतो आणि बेणारे कितीतरी वेळ बोलते: आयुष्याबद्दल, शरीराबद्दल, मामाबद्दल, त्या प्राध्यापकाबद्दल, पोटातल्या मुलाबद्दल. याला स्वगत म्हणतात, म्हणजे जे फक्त प्रेक्षकांना ऐकू येतं. बोलणं संपतं, प्रकाश पूर्ववत होतो, आणि कोर्टाच्या लेखी आरोपी गप्प राहिलेली असते. तिने एक शब्दही उच्चारलेला नाही.

इथे प्रश्न असा की ती कोणाला सांगते आहे. आमच्यातली एक मुलगी प्रेक्षकांना सांगत होती, हात जोडून. ते ऐकवेना, कारण ते दयेची भीक मागितल्यासारखं वाटत होतं. मग म्हटलं, पोटातल्याला सांग. तेवढ्या एका बदलाने आवाज खाली आला, हात पोटाशी गेले नाहीत (मी मुद्दाम नाही म्हटलं होतं, ते फार सिनेमातलं होतं), पण मान वाकली. मधेच ती शाळेतल्या मुलांना समजावल्यासारखी बोलू लागली. मास्तरीणच ना शेवटी. हे कोणाला पटेल, कोणाला नाही. मला पटलं.

दामलेची खुर्ची ठेवायची का, यावर एक अख्खा रविवार गेला. तो माणूस येतच नाही, त्याच्यावर आरोपही नाही, मग रिकामी खुर्ची मांडून प्रेक्षकांना ‘बघा, हा सुटला’ असं सांगायचं? माझं मत, नको. न दिसणारा माणूस न दाखवताच जास्त जागा व्यापतो. मुलांचं बहुमत माझ्या विरुद्ध गेलं. खुर्ची राहिली. पहिल्या सरावात त्या खुर्चीवर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली आणि दोन अंक सगळे बाटलीकडे बघत होते.

“हे सगळं लेखकाच्या डोक्यात होतं का?”

हा आक्षेप दर वर्षी येतो, आणि तो फालतू नाही. तेंडुलकर २००८ साली गेले, आता विचारायचीही सोय नाही. नाटकाचं बीज मात्र सांगितलं जातं ते असं की, अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला पार्ल्याला निघालेल्या एका हौशी मंडळीबरोबर ते प्रवास करत होते आणि त्यांच्या गप्पांतून नाटकाचा आराखडा सुचला. त्या मंडळीत कोणी बेणारे होती का, याला अर्थ नाही.

आमचा नियम एवढाच: लेखकाच्या डोक्यात काय होतं ते विचारायचं नाही, कागदावर काय आहे ते विचारायचं. कडी कागदावर आहे, दोनदा आहे. पोपट कागदावर आहे. सामंतचा मत्सर कागदावर नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याला खिडकीतून येणारं ऊन ठाऊक असो नसो, खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी ऊन येणारच.

निकाल: हसू येतं तिथेच थांबा

शिक्षेकडे मुलं भावनेने बघतात, मी त्यांना कायद्याने बघायला लावते. बेणारेवर आरोप कशाचा? भ्रूणहत्येचा. आणि काशीकर शिक्षा कसली देतात? तू जग, पण तुझ्या पोटातला गर्भ नष्ट केला जाईल.

म्हणजे जो गुन्हा तिने केलेलाच नाही, तोच गुन्हा कोर्ट स्वतः करायला सांगतं. आणि १९६७ मध्ये हे नुसतं क्रूर नव्हतं, बेकायदाही होतं. गर्भपाताला काही अटींवर परवानगी देणारा कायदा झाला १९७१ साली आणि लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. त्याआधी बाईचा जीव वाचवायचा असेल तर सोडून, गर्भपात भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ खाली गुन्हा होता, करणाऱ्यालाही आणि करून घेणाऱ्या बाईलाही. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे कलम क्रमांकासकट ठाऊक नसेल, पण गोष्ट लपूनछपून करायची, हे घराघरांत माहीत होतं.

मग वकील सुखात्मेला हे का दिसत नाही? वर्गाला हा प्रश्न फार आवडतो. त्याला कोणी अशील देत नाही, तो या खोट्या कोर्टात फिर्यादीचाही वकील आहे आणि बचावाचाही, आणि खूप दिवसांनी जिंकतोय. जिंकणाऱ्या माणसाला कलम आठवत नाही. हे एका मुलाचं उत्तर, मी तसंच ठेवलं.

शेवट उघडा आहे म्हणजे नेमकं काय उघडं आहे?

‘शेवट अनुत्तरित ठेवला आहे’ असं समीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. वर्गात आम्हाला ते सुटं करून बघावं लागतं, कारण बऱ्याचदा जे उघडं वाटतं ते कागदावर बंद असतं.

उदाहरणार्थ, “सामंतची साक्ष खरी होती का?” हे बंद आहे. ती कादंबरीतली आहे. “बाकीच्यांना पश्चात्ताप होतो का?” तोही प्रश्न जवळपास बंदच. ते तिला सांगतात की सगळा खेळ होता, मनाला लावून घेऊ नकोस, आणि तयारीला लागतात. इथे नट हमखास चुकतात. जाता जाता मागे वळून खिन्न बघतात. तसं केलं की प्रेक्षकाला हायसं वाटतं, म्हणजे झालं, यांना कळलं. कागदावर तसं हायसं नाहीये. काशीकरबाईंना खरंच वाटतं की आता बेणारेने उठावं, तोंड धुवावं, वेळ झाली. ते वाक्य जितकं मायेने म्हणाल तितकं अंगावर येतं.

“ती मेली का?” हा मात्र खरा प्रश्न आहे. पोंक्षेच्या साक्षीत तिच्या पर्समधली ढेकूण मारायच्या औषधाची बाटली येऊन गेलेली असते, त्यामुळे शंका वाजवी आहे. पण उठवायला गेल्यावर ती अगदी किंचित हालते आणि मग प्रयत्न सोडून देते. म्हणजे त्या क्षणी जिवंत आहे. पुढे? ते उघडं. मूल राहील का, नोकरी जाईल तेव्हा ती कुठे जाईल, दामले कधी समोर येईल का, उघडं. आणि एक प्रश्न कोणीच विचारत नाही, तो मला सगळ्यात जास्त सतावतो: रात्रीचा प्रयोग होतो का? जॉन्सनचा खटला? गावकरी तर आले आहेत. बेणारेशिवाय होतो की तिला उभी करून होतो? दोन्ही शक्य आहेत, आणि दोन्हींचा विचार केला की पडद्यानंतरही माणूस खुर्चीत बसून राहतो.

“मग काहीही उत्तर चालेल?” असं विचारतात. नाही. आमच्याकडे एकाने शेवटी बेणारेला उभी करून प्रेक्षकांवर बोट रोखायला लावलं होतं. टाळ्या मिळाल्या असत्या कदाचित. पण दहा सेकंदांत एक शब्द न बोलू शकलेली बाई जर निकालानंतर बोट रोखू शकत असेल, तर तिने ते आधी का नाही रोखलं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. उघडा शेवट म्हणजे मागच्या दोन तासांशी भांडणारा शेवट नव्हे. जे दार कागदावर बंद आहे ते तोडून आत शिरता येत नाही.

“लेखकाला सुचलं नाही म्हणून सोडून दिलं,” हाही एक आक्षेप असतो. असं होतं, नाही असं नाही. पण ते ओळखता येतं. सुचलं नसेल तर शेवट विस्कटतो, माणसं भाषणं करू लागतात. इथे शेवटच्या दोन मिनिटांत एकही फालतू गोष्ट नाही. दार, गावकरी, सामंत, पोपट, गाणं.

तो पोपट सामंतने पुतण्यासाठी घेतलेला आहे, हिरव्या कापडाचा. सुरुवातीला तो बेणारेला दाखवतो. शेवटी सगळे आत गेल्यावर तो पडलेल्या बेणारेजवळ येतो आणि तिच्यापाशी तो पोपट ठेवतो. मग तिच्या आवाजातलं चिमणी-पोपटाचं ते बालगीत ऐकू येतं, घरटं हरवलेल्या चिमणीचं. ते गाणं बेणारेने आधी म्हटलेलं आहे. आता ते कुठून येतं, तिच्या तोंडून तर नक्कीच नाही.

आमचा पोपट आम्ही जुन्या हिरव्या डस्टरचा शिवला. मागच्या रविवारी सामंतचा हा शेवटचा प्रवेश सात वेळा केला. पहिल्यांदा मुलाने पोपट तिच्या हाताजवळ ठेवला, म्हणजे ती उठली तर सापडेल. मग डोक्याजवळ ठेवला, तर ते फुलं वाहिल्यासारखं दिसलं, लगेच सोडून दिलं. एकदा त्याने तो ठेवलाच नाही, हातात घेऊन उभा राहिला आणि नंतर टेबलावर, कोर्टाचा हातोडा होता तिथे ठेवला. तेव्हा बाकी मुलं गप्प झाली, पण तो स्वतः म्हणाला की हे जरा जास्तच झालं. सातव्यांदा पुन्हा हाताजवळ. मग त्याने विचारलं, “मॅडम, सामंतला काही कळलंय का?” म्हटलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, “कळलं असतं तर त्याने पोपट दिला असता का? की कळलंय म्हणूनच देतोय?” हा प्रश्न त्याने स्वतःच्याच वहीत अडतिसावा म्हणून लिहून घेतला, आणि पोपट पिशवीत भरून घरी घेऊन गेला.